चोखणीवरचा न विटणारा पिवळा

उमरग्यात हैदराबादच्या रस्त्यावरून आत वळलं की दवाखान्यांची एक गल्ली लागते. त्या गल्लीतल्या लहान मुलांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली श्रावस्ती सरवदे यांचं दुकान आहे. आठ फूट रुंद, दहा फूट खोल. पाटीवर 'बाळांचं सामान' एवढंच लिहिलेलं. आत टोपडी, लंगोट, दुपटी, दुधाच्या बाटल्या घासायचे ब्रश, आणि एका बाजूच्या तीन फळ्यांवर दात येणाऱ्या बाळांना चावायला द्यायच्या वस्तू. जुन्या बायका त्यांना चोखणी म्हणतात, नव्या आया टिथर. श्रावस्ती समोरचं गिऱ्हाईक पाहून शब्द वापरते.

दुकान टाकण्याआधी अकरा वर्षं ती वरच्याच दवाखान्यात कामाला होती. बाटल्या उकळणं, चमचे-वाट्या निर्जंतुक करणं, बाळांचं वजन करताना त्यांना गप्प ठेवणं ही तिची कामं. गप्प ठेवायला हातात काहीतरी द्यावं लागायचं, आणि बाळ ते तोंडात घालायचं. आया दारातून बाहेर पडताना डॉक्टरांना विचारायला विसरलेलं तिला विचारत, "बाई, दात येतायत, काय देऊ?" तिला उत्तर माहीत नसायचं. माहीत नाही हे तिला आवडायचं नाही. म्हणून तिने वस्तू बघायला सुरुवात केली.

तिची बघण्याची पद्धत ठरलेली आहे. नवा माल आला की तो काउंटरवर एका पांढऱ्या ताटात ठेवायचा. आधी वास घ्यायचा. मग पांढऱ्या सुती कापडाचा कोपरा पाण्यात भिजवून वस्तूवर तीसदा घासायचा, दुसरा कोपरा व्हिनेगरमध्ये भिजवून पुन्हा तीसदा, कारण बाळाची लाळ आणि बाळाची उलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडावर रंग आला तर माल परत. लहान भागांसाठी तिच्याकडे सव्वा इंच आतल्या व्यासाचा पाइपाचा तुकडा आहे. वस्तू किंवा तिचा सुटणारा कुठलाही भाग त्यातून खाली पडला तर तो घशात जाऊ शकतो, तेव्हा तोही परत.

सोलापूरहून माल आणणारा मल्लिकार्जुन या ताटाला 'कोर्ट' म्हणतो. "ताई, कोर्टात आज किती आरोपी?" असं म्हणत तो पिशव्या टेकवतो. एकदा त्याने आणलेलं पोकळ मऊ बदक तिने त्याच्यादेखत ब्लेडने उभं चिरलं. ते बदक नवं नव्हतं, एका गिऱ्हाइकाने चार महिने वापरून परत दिलेलं होतं. शिट्टीच्या भोकातून आत पाणी गेलेलं, आणि आतली भिंत काळ्या बुरशीने भरलेली. मल्लिकार्जुनने वाकून आत बघितलं.

"बाहेरून तर चकाचक होतं की वो."

"बाहेरून रोज धुतलं म्हणून तर आत पाणी गेलं," श्रावस्ती म्हणाली.

परत दिलेल्या वस्तू हा तिच्या दुकानाचा वेगळा रिवाज. बाळाचं चावून झालं की चोखणी फेकून द्यायची नाही, तिला आणून द्यायची. बदल्यात ती एक सुती टोपडं देते. त्या वस्तू ती तारीख आणि बाळाचं वय लिहून एका उथळ खोक्यात ठेवते. नवी वस्तू कशी आहे हे कारखाना सांगतो, चावल्यावर ती कशी होते हे बाळच सांगतं, असं तिचं म्हणणं.

त्या खोक्यातून ती तीन मालांबद्दल जे शिकली ते असं. कडक प्लास्टिक धुवायला सोपं, पण साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक कड असते. बाळाने चावून चावून ती खरखरीत केली की हिरडीला लागते. हलक्या प्लास्टिकला केसासारखी भेग जाते, भेगेत दूध साठतं. डोळे-नाक वरून रंगवलेलं असेल तर तो रंग आधी जातो. सिलिकॉन पाच मिनिटं उकळलं तरी काही होत नाही, पण त्याला केस, धूळ, दुपट्याचे धागे चिकटतात. आणि पुढचे दात आलेल्या बाळाने एकाच जागी चावलं की तिथे आधी चीर पडते, मग तुकडा निघतो. म्हणून सिलिकॉन रोज ताणून बघायचं. लाकूड हाताला चांगलं, पण ते उकळायचं नाही, भिजत घालायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं, सावलीत ठेवायचं. भिजलेल्या लाकडाचे तंतू उभे राहतात आणि मग कुसळं निघतात.

तिन्हींत तिची पसंती लाकडाला होती. त्याचं कारण नबीलाल.

नबीलाल खरादी आहे, म्हणजे लाकूड फिरवून घडवणारा. वय एकाहत्तर. त्याचा खराद गावाबाहेर, गुंजोटीच्या वाटेवर. पाळण्याचे गज, लाटणी, बाजेचे पाय हे त्याचं रोजचं काम, आणि बाळांच्या चोखण्या हे हौसेचं. काळ्या कुड्याचं पांढरट, गुळगुळीत लाकूड तो वापरतो. सीमेपलीकडचे लोक त्याला हाले म्हणतात. लाख निखाऱ्यावर मऊ करून त्यात रंगाची पूड मळायची, कांडी करायची, आणि ती कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची. घासून जी गरमी होते तिने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याचं पान धरून ती सारखी करायची, चमक येते. चोखणीला तो दोनच रंग देतो, कातापासून तपकिरी आणि हळदीपासून पिवळा. हे त्याने बिदरकडच्या त्याच्या उस्तादाकडून घेतलं. त्याच्याकडे हस्तकला कारागिराचं सरकारी ओळखपत्र आहे, त्यामुळे कारखान्यातल्या खेळण्यांवर लागतं ते आयएसआय चिन्ह त्याच्या मालाला लागत नाही. श्रावस्तीने ते कार्डही एकदा नीट वाचून बघितलं होतं.

नबीलालची चोखणी ताटातल्या सगळ्या परीक्षांत पास व्हायची. कापड पांढरं राहायचं. श्रावस्ती आयांना सांगायची, "ही न्या, बिनघोर."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात समृद्धी बिराजदार दुकानात आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कडेवर नऊ महिन्यांचा रुद्रेश. डिसेंबरमध्ये त्यांनी नबीलालची पिवळ्या कड्याची चोखणी नेली होती. ती परत द्यायला त्या आल्या होत्या.

"आता ह्याला खालचे दोन आलेत, वरचे दोन आलेत. हे बघा काय केलं," त्या म्हणाल्या. कड्याच्या एका बाजूला लाखेत जोडीजोडीने खाचा पडल्या होत्या आणि एका जागी लाखेचा पापुद्रा निघून खालचं लाकूड दिसत होतं. बोटाच्या नखाएवढी जागा.

"हे तुकडं कुठं गेलं?"

"दिसले नाहीत. पोटातच गेले असतील. लाख काय, पोटातून निघून जाते, तुम्हीच म्हणाला होता."

श्रावस्तीने तसं सांगितलं होतं खरं. लाख औषधाच्या गोळ्यांवरही चढवतात. तिने टोपडं दिलं, चिठ्ठीवर तारीख लिहिली, चोखणी खोक्यात ठेवली. ठेवताना शेजारची गेल्या वर्षीची चोखणी हाताला लागली आणि ती थांबली.

गेल्या वर्षीचा पिवळा विटलेला होता, जुन्या पिवळ्या साडीसारखा. त्याच्या आधीच्या वर्षीचा त्याहून फिका. रुद्रेशची चोखणी मात्र काल बनवल्यासारखी.

"मॅडम, ही वाळत कुठं घालत व्हता?"

"गॅलरीत. कठड्यावर."

"उन्हात?"

"उन्हातच. सावलीत सांगितलं होतं तुम्ही, पण आमच्या गॅलरीत सावली येतेय कुठं?"

चार महिने रोज उन्हात. हळद उन्हात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेला कपडा बाया धुऊन उन्हात टाकतात ते उगाच नाही. श्रावस्तीने खोक्यातल्या सगळ्या पिवळ्या चोखण्या बाहेर काढल्या आणि काउंटरवर तारखेप्रमाणे मांडल्या. एकूण अकरा. नऊ विटलेल्या. दोन तशाच्या तशा, दोन्ही दिवाळीनंतर विकलेल्या.

समृद्धी बघत होत्या. "काय झालं?"

"कळंना अजून," श्रावस्ती म्हणाली. "ह्यो रंग लईच चांगला हाय. का चांगला हाय ते बघावं लागंल. तवर बाळाला ह्यातलं काय देऊ नका."

दुपारी दुकान बंद करून ती गुंजोटीच्या वाटेला गेली. नबीलाल पाळण्याचा गज फिरवत होता. तिला बघून त्याने खराद थांबवला.

"आज कोर्ट हिकडंच आलं?"

"चाचा, तुमच्या हळदीची पिशवी दावा."

"हळद हाय ती. हळदीत काय बघायचं?"

"दावा तर."

कोनाड्यातून त्याने गाठ मारलेली पिशवी काढली. अर्ध्या किलोची. त्यातली बरीच संपली होती. श्रावस्तीने ती तळहातावर घेतली आणि तिला पहिली गोष्ट जाणवली ती वजन. एवढीशी पूड इतकी जड नसते. तिने नाकाजवळ नेली. हळदीला वास असतो, पिशवी जुनी झाली तरी असतो. हिला काहीच नव्हता.

"वास येतो का चाचा?"

नबीलालने हुंगलं. "मला कुठल्याच गोष्टीचा येत न्हाय. दोन वर्षं झाली. लाख जळली तरी कळत न्हाय, तबस्सुम आतून वरडती तवा कळतं." तबस्सुम त्याची सून.

"चुना हाय?"

तंबाखूची डबी त्याच्या खिशातच होती. श्रावस्तीने फरशीच्या एका तुकड्यावर दोन ढीग केले. एक पिशवीतल्या पुडीचा, दुसरा तबस्सुमने स्वयंपाकघरातून आणून दिलेल्या हळदीचा. दोन्हींत पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बोटभर चुना कालवला. घरातली हळद तत्काळ लाल झाली. हळदीचं कुंकू करतात ते याच रीतीने, त्यात तिघांनाही नवल नव्हतं. दुसरा ढीग पिवळाच राहिला. चुन्याने थोडा फिका झाला, एवढंच.

नबीलालने खाली वाकून दोन्ही ढीग पाहिले. मग पुन्हा चुना टाकायला सांगितलं. तिने टाकला. पिवळा पिवळाच राहिला.

"ही हळद न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय."

"मग काय हाय?"

"ते ह्यातून कळत न्हाय. हळद न्हाय एवढंच कळतं."

ती पिशवी आणली होती त्याच्या पुतण्याने, मुजीबने. मुजीबचा टेम्पो सोलापूरला जातो. नबीलालने त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चुलता-पुतण्या दखनीत बोलले. नबीलाल विचारत होता की हल्दी कुठून आणलीस, आणि मुजीब तिकडून सांगत होता की जिथून लाल-हिरवा आणला तिथूनच, रंगाच्या दुकानातून, तुम्ही तिन्ही नावं एका दमात सांगितली होती.

चूक अशी झाली होती. नबीलालच्या घरात बोलतात दखनी, आणि दखनीत हळदीला हल्दी म्हणतात. दिवाळीनंतर पाळण्यांसाठी तेलरंगात घालायची लाल आणि हिरवी पूड हवी होती, आणि घरातली हळद संपली होती. त्याने मुजीबला फोनवर निरोप ठेवला, लाल, हिरवा, हल्दी, प्रत्येकी अर्धा किलो. मुजीब रंगाच्या दुकानात गेला आणि मराठीत म्हणाला, लाल, हिरवा, हळदी. मराठीत हळदी हे रंगाचं नाव. मेंदी, शेंदरी, मोरपंखी, तसा हळदी. दुकानदाराने फळीवरचा हळदी रंग तोलून दिला. त्याने काही चुकीचं दिलं नव्हतं.

"मी तर हल्दीच बोललो," मुजीब फोनवर म्हणाला. त्याचंही खरं होतं.

नबीलालने फोन ठेवला आणि फरशीचा तुकडा बाजूला सरकवला. "किती इकल्या?" त्याने विचारलं.

"चाळीस दिल्या तुम्ही दिवाळीनंतर. चौदा दुकानात हायत. सव्वीस इकल्या."

"मी हातानं मळली ती पूड. निखाऱ्यावर."

"हात धुवा," श्रावस्ती म्हणाली. "आन ही पिशवी कुणी उघडू नका. झाडू बी मारू नका, वल्या फडक्यानं पुसा."

परत येताना तिला एक गोष्ट सुचली आणि ती तिने नंतर अनेकांना सांगितली. तिची सगळी परीक्षा रंग सुटतो का याची होती. रंग कशाचा आहे याची नव्हती. जो रंग कापडावर उतरत नाही तो तिने चांगला मानला, आणि हा तर अजिबात उतरत नव्हता.

वरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाल्या की स्वस्त, चमकदार, न विटणारी पिवळी पूड म्हटलं की पहिला संशय शिशाचा. असेलच असं नाही, तपासावं लागेल. शिसं बाळाच्या मेंदूला आणि रक्ताला वाईट, आणि ते बाहेरून दिसत नाही. बाळ खेळतं, जेवतं, हसतं. कळतं ते फक्त रक्त तपासून.

एक न वापरलेली चोखणी आणि थोडी पूड पुण्याच्या प्रयोगशाळेला कुरिअरने गेली. अहवालाला दहा दिवस लागणार होते. श्रावस्तीने दहा दिवस थांबायचं नाही असं ठरवलं. त्याच संध्याकाळी तिने आयांच्या व्हॉट्सॲप गटात निरोप टाकला. चोखणीचा फोटो, आणि खाली: 'दिवाळीनंतर माझ्याकडून नेलेली पिवळ्या कड्याची लाकडी चोखणी बाळाला देऊ नका. रंगाबद्दल शंका आहे. धुऊन वापरू नका, परत आणून द्या. जशी आहे तशी आणा.' शेवटचं वाक्य तिने दोनदा लिहिलं.

तिचा नवरा राजपाल एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "अहवाल आल्यावर टाकायचं की. उगं आपलंच नाव खराब."

"खराब व्हायचंच आसंल तर आजच हू दे," ती म्हणाली. "दहा दिवसांत लेकरं दहा दिवस चावतील."

पाच दिवसांत, रुद्रेशची आणि आधीच खोक्यात असलेली धरून, पंचवीस चोखण्या जमल्या. कुणी काही बोललं, कुणी नाही. एक आजी म्हणाली, "आमच्या वेळंला लेकरं माती खायची, तवा कुणी रगत न्हाय तपासलं." श्रावस्तीने होला हो म्हटलं आणि चोखणी घेतली.

जशी आहे तशी का हवी होती, ते तिने काउंटरवर दाखवलं. भिंग घेऊन ती प्रत्येक चोखणी फिरवत होती. दात न आलेल्या बाळाने चावलेली लाख नुसती मंद होते, चमक जाते, थर जागेवर राहतो. खालचे दोन दात आले की समांतर दोन खाचा. वरचे आले की समोरासमोर खाचा पडतात आणि दोन्हींच्या मधला पापुद्रा सुटतो. जिथे लाकूड उघडं, तिथली लाख बाळाच्या पोटात गेली. तिने तीन रांगा केल्या. नुसत्या मंद झालेल्या अकरा. खाचा पडलेल्या, पण थर शाबूत अशा सात. लाकूड उघडं पडलेल्या सात. तिसऱ्या रांगेत सर्वांत मोठी उघडी जागा रुद्रेशच्या चोखणीवर होती.

डॉक्टर मॅडम खाली आल्या, रांगा बघितल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांचं रक्त तपासू. पण आधी ह्या सातांचं."

सव्विसावी ढोकीला होती. नेणारी बाई बाळंतपणाला माहेरी उमरग्याला आलेली आणि साखर कारखान्यावर सासरी परत गेलेली. फोन लागत नव्हता. रविवारी श्रावस्ती एसटीने धाराशिवला आणि तिथून ढोकीला गेली. कारखान्याच्या वसाहतीत घर सापडलं. दारात सासू, जाईबाई, तूर निवडत बसलेली.

"चोखणी?" जाईबाई म्हणाली. "ती व्हय. ती तर पहिल्या दिशीच बिघडली."

"कशी?"

"मी उकळली. नवं भांडं आपुन उकळत न्हाय का? तसं. तर समदी पांढरी फटक पडली आन चिकट झाली. म्या म्हनलं असलं काय लेकराच्या तोंडात घालायचं. पाळण्याला बांधली वर."

लाख उकळत्या पाण्यात मऊ होते आणि पांढरी पडते. उकळू नका असं श्रावस्तीने प्रत्येकीला सांगितलं होतं. पाळण्याच्या दोरीला ती चोखणी लटकत होती. पिवळ्यावर पांढरा धुरकट थर, दाताची एकही खूण नाही.

"तुम्ही ऐकलं न्हाय ते बरं झालं," ती म्हणाली.

"म्या कुणाचंच ऐकत न्हाय," जाईबाई म्हणाली. "घ्या, च्या घ्या."

अहवाल बाराव्या दिवशी आला. रंगाच्या थरातून बाहेर येणाऱ्या शिशाची मर्यादा किलोमागे नव्वद मिलिग्रॅम. नबीलालच्या लाखेतून अकराशेच्या वर आलं होतं. पूड शिशाचीच होती. त्यापेक्षा वरच्या मजल्यावर, दवाखान्यात आलेला रक्ततपासणीचा कागद जास्त महत्त्वाचा होता. तिसऱ्या रांगेतल्या सात बाळांपैकी पाच जणांच्या रक्तातलं शिसं डेसीलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम या काळजीच्या रेषेच्या आत. एक पाच पूर्णांक तीन. रुद्रेश आठ पूर्णांक चार. उरलेल्या दोन रांगांतली बाळं नंतर तपासली, ती सगळी पाचच्या आत निघाली.

समृद्धींनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे काय करायचं?"

डॉक्टर मॅडमनी सांगितलं की या पातळीला औषध देत नाहीत. जिथून येतं ते बंद करायचं, लोह आणि कॅल्शियम नीट द्यायचं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. घराला नवा रंग दिलाय का, पितळेच्या भांड्यात काही आंबट शिजवता का, हे त्यांनी विचारलं. शेवटी विचारलं, काजळ घालता का?

"घालते. आईनं पाठवलेलं."

"तेही बंद. काही काजळांतही शिसं असतं."

त्यामुळे आठ पूर्णांक चारमधलं किती चोखणीचं आणि किती काजळाचं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. श्रावस्तीने त्याचा आधार घेतला नाही. समृद्धी जिना उतरून आल्या तेव्हा ती दुकानाबाहेर उभी होती.

"मी बिनघोर म्हणाले व्हते," ती म्हणाली. "खरंच बिनघोर हाय का ते मला माहीत नव्हतं."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी प्लास्टिकचं घेणार होते," समृद्धी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्या तशाच निघून गेल्या.

नबीलालचं रक्तही श्रावस्तीने बळेच तपासायला लावलं. ते रुद्रेशपेक्षा बरंच जास्त निघालं, कारण पूड त्याने मळली होती. त्याने निखाऱ्याची शेगडी अंगणाच्या टोकाला नेली. उरलेली पूड आणि परत आलेल्या व दुकानात राहिलेल्या चोखण्या दोन पिशव्यांत बंद करून, वर 'शिसं, विषारी' असं लिहून डॉक्टरांच्या मार्फत धोकादायक कचरा नेणाऱ्या गाडीकडे गेल्या. शेगडीत टाकायच्या नाहीत, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. लाकूड जाळायचं नाही ही गोष्ट खराद्याला पटायला वेळ लागतो.

महिनाभराने तो वीस चोखण्या घेऊन आला. एकीलाही रंग नव्हता, लाखही नव्हती. नुसतं काळ्या कुड्याचं लाकूड, घासून घासून गुळगुळीत केलेलं.

"आता कोर्टाला काय सापडंल?" त्याने विचारलं.

श्रावस्तीने भिंग लावलं, कापड घासलं, एक चोखणी रात्रभर फडक्यात ओली ठेवली. सकाळी त्यावर बोट फिरवलं तर तंतू उभे राहिलेले. तिने वीसच्या वीस परत केल्या.

"आधी भिजवा, वाळवा, मग घासा. तीनदा. मग तंतू उठत न्हायत."

"चाळीस वर्षं खराद फिरवतो मी."

"मग तीनदा अवघड न्हाय तुम्हाला."

तो पुटपुटत गेला आणि दहा दिवसांनी घेऊन आला. या वेळी तंतू उठले नाहीत. हळदीची लाख पुन्हा करावी का, हा प्रश्न दोघांत अजून मिटलेला नाही. नबीलालचं म्हणणं, घरी वाटलेल्या हळकुंडाची करू, तुझ्यासमोर चुना लावून. श्रावस्तीचं म्हणणं, चुना हळद आहे का ते सांगतो, हळदीत आणखी काय आहे ते सांगत नाही.

जुलैच्या अखेरीस रुद्रेशचं रक्त पुन्हा तपासलं. अहवाल यायच्या दिवशी श्रावस्तीने दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचे लंगोट दिले आणि दोघीही परत आल्या. दुपारी समृद्धी जिन्यावरून उतरल्या. रुद्रेश आता हात धरून चालत होता. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला. चार पूर्णांक एक.

श्रावस्तीने तो वाचला आणि परत दिला. "उतरलं," ती म्हणाली.

"उतरलं. अजून तीन महिन्यांनी बोलावलंय." समृद्धी फळ्यांकडे बघत होत्या. "ह्याच्या दाढा यायला लागल्यात. सगळं चावतोय, चपलासुद्धा."

श्रावस्ती फळ्यांसमोरून बाजूला झाली. समृद्धींनी स्वतःच एक कडक प्लास्टिकचं कडं उचललं, त्याच्या जोडावरून नख फिरवलं आणि ठेवून दिलं. बिनरंगी लाकडी चोखणी हातात घेतली, थोडा वेळ धरली, तीही ठेवली. मग निळं सिलिकॉनचं उचललं. वास घेतला. दोन्ही हातांनी ताणलं, पिळलं, उजेडाकडे धरून चीर आहे का ते पाहिलं. श्रावस्ती जे ताटात करते ते सगळं त्यांनी उभ्याने केलं.

"हे उकळता येतं?"

"पाच मिनिटं."

"कधी फेकायचं?"

"चीर दिसली की त्याच दिवशी. दाढा आल्यावर लवकर पडंल. रोज ताणून बघा."

"हा निळा रंग वरून आहे की आत मिसळलेला?"

"आत मिसळलेला. कापून बघितलंय मी, आरपार एकच हाय."

"कशाचा आहे?"

श्रावस्तीने त्या कड्याचं खोकं हातात घेतलं. खोक्यावर आयएसआय चिन्ह होतं, परवाना क्रमांक होता. ती ते दाखवू शकत होती.

"खोक्यावर चिन्ह हाय, म्हंजे तपासणी झालेली असती," ती म्हणाली. "पण रंग कशाचा ते मला माहीत न्हाय."

"कोणाला माहीत असेल?"

"बनवणाऱ्याला. मल्लिकार्जुनकडून कंपनीचा तपासणीचा कागद मागवते."

समृद्धींनी निळं कडं काउंटरवर ठेवलं. "मागवा. कागद आला की मला दाखवा, मग नेते."

रुद्रेशने तोवर काउंटरची कड चावायला घेतली होती. समृद्धींनी त्याला उचललं आणि त्या गेल्या. श्रावस्तीने ओल्या फडक्याने ती कड पुसली, फोन उचलला आणि मल्लिकार्जुनला लावला.